कोट्यवधी फोटो नसताना: ४२० पानांवर मॉडेल कसं शिकतं?

एआयची बातमी वाचली की तिच्यात एक आकडा हमखास सापडतो. अमुक मॉडेल इतक्या कोटी फोटोंवर शिकवलं, तमुक मॉडेलनं इतके अब्ज शब्द वाचले. हे वाचून ज्याच्याकडे तपासून, नीट नावं लावून ठेवलेले जेमतेम चारशे फोटो आहेत, तो सुरुवातीलाच हात टेकतो. "एवढ्याशा फोटोंत काय होणार?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

थोडक्यात उत्तर असं की होतं, आणि पुष्कळदा चांगलं होतं. मात्र ते चारशे फोटो मॉडेलला बघायला शिकवत नाहीत. बघायला ते आधीच, दुसरीकडे, दुसऱ्याच फोटोंवर शिकलेलं असतं. आपण फक्त काय ओळखायचं ते सांगतो. एका कामासाठी शिकलेलं मॉडेल असं दुसऱ्या कामाला लावण्याला ट्रान्सफर लर्निंग म्हणतात. कल्पना एका वाक्यात सांगता येते, पण ती का चालते आणि कुठे फसवते हे समजायला एक उदाहरण मुळापासून बघावं लागतं.

समजा आपल्याकडे पानांचे ४२० फोटो आहेत. एकूण १०५ रोपं आणि प्रत्येक रोपाचे चार फोटो. ३५ रोपं निरोगी आहेत, ३५ रोपांवर तांबेरा आहे आणि ३५ रोपांवर भुरी. तांबेरा म्हणजे पानावर उठणाऱ्या नारिंगी-तपकिरी बारीक पुळ्या, ज्यांवरून बोट फिरवलं तर बोटाला गंजासारखी पूड लागते. भुरी म्हणजे पीठ सांडल्यासारखे पांढुरके चट्टे. कुठल्या फोटोत काय आहे हे जाणकारानं बघून लिहून ठेवलं आहे, आणि या लिहिलेल्या नावालाच लेबल म्हणतात. नवा फोटो दाखवला की तिन्हींपैकी काय ते मॉडेलनं सांगावं, एवढंच काम.

## कोऱ्या मॉडेलची अडचण

फोटो ओळखणारं मॉडेल म्हणजे आकड्यांचं एक लांबलचक गणित असतं. एका टोकाला फोटोतल्या ठिपक्यांचे आकडे जातात, दुसऱ्या टोकाला उत्तर येतं, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर गुणाकार-बेरजा होतात. कशाला कितीनं गुणायचं ते ठरवणारे आकडे बदलता येतात. तानपुऱ्याच्या खुंट्या पिळून सूर जमवावा तसे हे आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे करत उत्तर बरोबर येईपर्यंत जमवायचे, याचंच नाव शिकणं. या लेखात त्यांना खुंट्याच म्हणू.

रेझनेट-१८ हे २०१५ साली मांडलेल्या रचनेतलं एक लहान मॉडेल. आजच्या मानानं अगदी छोटं, तरी त्यात सुमारे १ कोटी १७ लाख खुंट्या आहेत. त्या सगळ्या सुरुवातीला वाटेल तशा पिळलेल्या असतील, तर हे झालं कोरं मॉडेल. आता ४२० फोटोंवरून त्या जमवायच्या म्हटल्या तर एकेका फोटोमागे २६ हजारांहून जास्त खुंट्या येतात. इतकी मोकळीक मिळाल्यावर रोगाची खूण शोधण्याची गरजच उरत नाही. कुठल्या फोटोच्या कोपऱ्यात दगड होता, कुठल्यात सावली डावीकडे होती, असं काहीही धरून मॉडेल सगळी उत्तरं पाठ करतं आणि नवं पान दाखवलं की अडखळतं.

## जुळ्या भावंडांना ओळखायला किती वेळ लागतो?

शेजारी जुळी भावंडं राहायला आली की पहिले दोन-तीन दिवस गोंधळ होतो. मग लक्षात येतं, एकाच्या भुवईपाशी तीळ आहे. संपलं. तीन-चार भेटींत काम झालं.

याचा अर्थ माणूस तीन-चार उदाहरणांत बघायला शिकतो असा होत नाही. कड कुठे संपते, सावली कोणती आणि डाग कोणता, चेहरा वळला तरी तो तोच चेहरा कसा, हे सगळं त्याचे डोळे लहानपणापासून शिकत आलेले असतात. भुवईजवळचा तीळ दिसू शकतो, कारण भुवई आणि तीळ दोन्ही आधीच दिसत असतात. नव्यानं शिकायचं फक्त एवढंच, की हा तीळ या नावाचा. ट्रान्सफर लर्निंगमध्ये आपण मॉडेलकडून नेमकं हेच शेवटचं, लहानसं शिक्षण करून घेतो.

## "पण त्यानं तांबेरा कधी पाहिलाच नाही!"

हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. आपण जे तयार रेझनेट-१८ घेणार ते इमेजनेट नावाच्या संग्रहावर शिकलेलं आहे. त्यात शिकवण्यासाठीचे सुमारे १२ लाख ८० हजार फोटो आणि १,००० प्रकार: गाड्या, पक्षी, भांडी, आणि कुत्र्यांच्याच शंभराहून जास्त जाती. रोगट पानं हा प्रकार त्यात नाही. मग कुत्र्यांवर शिकलेलं डोकं पानावर कसं चालतं?

त्यासाठी मॉडेलच्या आत डोकवावं लागतं. ते थरांनी बनलेलं असतं आणि प्रत्येक थर आधीच्या थराचं उत्तर घेऊन पुढे काम करतो. शिकलेल्या मॉडेलचे थर कशाला प्रतिसाद देतात हे संशोधकांनी चित्रं काढून पाहिलं आहे. पहिल्या थरात आडव्या-उभ्या-तिरक्या कडा आणि रंगांचे फरक सापडतात: इथे हिरवं संपून नारिंगी सुरू झालं, एवढंच. त्यापुढच्या थरांत पोत येतो: जाळी, ठिपके, पट्टे, लव. आणखी पुढे वस्तूंचे भाग, म्हणजे चाक, चोच, डोळा. अगदी शेवटी, हजार नावांपैकी कुठलं ते ठरतं.

या साखळीत "कुत्रा" फक्त शेवटाकडे आहे. सुरुवातीचे थर कुठल्याही फोटोला चालतील असे असतात. २०१४ साली एका अभ्यासात एका कामावर शिकलेल्या मॉडेलचे थर काढून दुसऱ्या कामाच्या मॉडेलमध्ये बसवून पाहिले, तेव्हा हेच दिसलं. सुरुवातीचे थर जवळजवळ तसेच्या तसे चालतात, आणि शेवटाकडे जावं तसे ते आपल्या मूळ कामाला जास्त चिकटलेले असतात.

आता तांबेऱ्याची पुळी डोळ्यांसमोर आणा. हिरव्यावर नारिंगी ठिपका, त्याभोवती फिकट कडा, आणि असे अनेक ठिपके विखुरलेले. यातला एकही घटक मॉडेलला नवा नाही. कुत्र्यांच्या शंभर जातींमध्ये फरक करायला लागलेलं मॉडेल केसांच्या बारीक पोताकडे बघायला शिकलेलंच असतं, आणि भुरीचा पिठूळ थर हाही पोतच. त्याच्याकडे फक्त "भुरी" हा शब्द नसतो.

## प्रत्यक्षात काय करायचं

शेवटचा, हजार नावं सांगणारा थर काढून टाकायचा. तो गेला की मॉडेलमधून नावाऐवजी ५१२ आकडे बाहेर पडतात. हे आकडे म्हणजे त्या फोटोचं मॉडेलनं स्वतःच्या भाषेत केलेलं वर्णन. एखादा आकडा "बारीक ठिपके किती" अशा कशाशी तरी जुळत असेल, एखादा "गोलसर कडा किती" याच्याशी. प्रत्येकाचा अर्थ सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नाही.

```python
import torch
from torchvision.models import resnet18, ResNet18_Weights

w = ResNet18_Weights.DEFAULT
prep = w.transforms()
model = resnet18(weights=w)
model.fc = torch.nn.Identity()
model.eval()

with torch.no_grad():
    f = model(prep(photo).unsqueeze(0))  # 1 x 512
```

मॉडेलच्या खुंट्यांना इथे हातही लावलेला नाही. ४२० फोटो एकेकदा यातून काढायचे आणि ४२० ओळी, ५१२ रकाने असा तक्ता साठवून ठेवायचा. साध्या लॅपटॉपवर हे काही मिनिटांचं काम आहे. मग या तक्त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवायचं. ही आकडेशास्त्रातली जुनी, साधी पद्धत. ती प्रत्येक आकड्याला तिन्ही प्रकारांसाठी एकेक वजन देते आणि ज्या प्रकाराची बेरीज मोठी ते उत्तर. ५१२ आकडे गुणिले ३ प्रकार, अधिक प्रत्येक प्रकाराचा एक मूळ आकडा, म्हणजे १,५३९ खुंट्या. कोटीवरून आपण दीड हजारावर आलो.

वरच्या कोडमधली `prep` ही ओळ किरकोळ वाटते, पण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. मॉडेल ज्या मापाचे आणि ज्या रीतीनं सारखे केलेले फोटो बघत शिकलं, तसेच फोटो त्याला द्यावे लागतात. रंगांचे आकडे ० ते २५५ असे कच्चे दिले तर मॉडेल तक्रार करत नाही, निमूटपणे निरर्थक वर्णन देतं. तीन प्रकार सारखे असताना नुसत्या अंदाजानंही ३३ टक्के बरोबर येतात. आपलं मॉडेल त्याच्या आसपासच घुटमळत असेल तर रोग अवघड आहे असं म्हणण्याआधी ही ओळ तपासावी.

दुसरा घोळ आकाराचा. हीच ओळ फोटोची लहान बाजू २५६ ठिपक्यांवर आणते आणि मधला २२४ बाय २२४ चा चौकोन घेते. मूळ फोटो ४००० बाय ३००० असेल तर तो जवळजवळ बारा पटींनी आक्रसतो. मूळ फोटोत बारा ठिपके रुंद असलेली तांबेऱ्याची पुळी आता एका ठिपक्यात मावते. आजूबाजूच्या हिरव्यात ती मिसळून जाते आणि मॉडेलपर्यंत रोग पोचतच नाही. शिकवायला बसण्याआधी मॉडेलला जाणारा आक्रसलेला फोटो स्वतः पडद्यावर उघडून बघावा. आपल्याला त्यात पुळी दिसत नसेल तर मॉडेललाही दिसणार नाही. उपाय म्हणजे पानाचे ५०० बाय ५०० चे तुकडे पाडायचे, मग तीच पुळी सहा ठिपक्यांची राहते. मात्र तुकडा पाडल्यावर लेबल पुन्हा बघावं लागतं. तांबेऱ्याच्या पानाचा एखादा तुकडा स्वच्छ असू शकतो, आणि त्याला तांबेऱ्याचं लेबल चिकटलं तर आपण मॉडेलला चुकीचंच शिकवतो.

## शिकवण्याआधी शेजारी बघा

एक तपासणी मला फार मोलाची वाटते आणि ती फारसं कोणी करत नाही. तक्ता तयार झाला की कुठलाही एक फोटो घ्या आणि ५१२ आकड्यांच्या हिशेबानं त्याच्या सर्वांत जवळचे पाच फोटो काढा. त्याच रोपाचे फोटो त्यातून वगळा. मग ते पाच शेजारी-शेजारी मांडून बघा.

तांबेऱ्याच्या पानाला तांबेऱ्याचीच पानं जवळ आली तर अर्धं काम झालं. मॉडेलला आपले रोग आधीच वेगवेगळे दिसतात, आपण फक्त नावं लावणार. पण कधीकधी जवळ येतात ती एकाच निळ्या कापडावर ठेवून काढलेली पानं, रोग कुठलाही असो. म्हणजे मॉडेलला कापड जास्त ठळक दिसतं आहे. भुरीचे सगळे फोटो त्याच कापडावर काढले असतील तर पुढे काय होणार ते इथेच कळतं: मॉडेल कापड ओळखायला शिकेल आणि आपण त्याला भुरी समजू. शंका आली तर पान झाकून, नुसती पार्श्वभूमी ठेवून तेच फोटो पुन्हा द्या. पान नसतानाही बरोबर उत्तरं येत असतील तर फोटो पुन्हा काढण्याला पर्याय नाही.

## "५१२ आकडे आणि ३३६ फोटो? हे तर पाठांतरच!"

जाणकार वाचक इथे थांबवतील, आणि त्यांनी थांबवावंच. ४२० पैकी ३३६ फोटो शिकवायला ठेवले आणि ८४ तपासायला. प्रत्येक फोटोचे आकडे ५१२, फोटो ३३६. फोटोंपेक्षा आकडे जास्त असले की अशा सरळ पद्धतीलाही सगळे फोटो अचूक वेगळे करता येतात. करून बघा: लेबलं मुद्दाम पत्त्यांसारखी पिसून टाका, एखाद्या निरोगी पानाला भुरी म्हणा, एखाद्या भुरीला तांबेरा. शिकवण्याच्या फोटोंवर तरीही जवळपास पूर्ण गुण मिळतील. त्यामुळे शिकवलेल्याच फोटोंवरच्या गुणांना काही अर्थ नाही. १,५३९ खुंट्या झाल्या म्हणून पाठांतराचा धोका संपत नाही.

तरी पद्धत का चालते? कारण पिसलेल्या लेबलांचं मॉडेल नव्या फोटोंवर ३३ टक्क्यांच्या आसपास आपटतं आणि खऱ्या लेबलांचं आपटत नाही. ५१२ आकड्यांच्या त्या जागेत सारखे दिसणारे फोटो आधीच एकमेकांजवळ बसलेले असतात. त्यामुळे दोन गटांमधून जाणारी एक सरळ, रुंद वाट बहुधा सापडते. ती वाट नव्या फोटोंनाही लागू पडते, कारण नवा तांबेराही त्याच घोळक्यात येऊन बसतो. पिसलेल्या लेबलांसाठी मात्र प्रत्येक फोटोला वळसा घालत जावं लागतं. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये वजनं फार मोठी होऊ न देणारा लगाम असतो. तो थोडा ओढून धरला की मॉडेल वळशांपेक्षा सरळ वाट पसंत करतं. लगाम किती ओढायचा ते बाजूला ठेवलेल्या फोटोंवर पाहून ठरवायचं.

## चारही भावंडं एकाच बाजूला हवीत

आता ज्या चुकीनं सर्वांत जास्त लोक फसतात तिच्याकडे येऊ. मीही फसलो आहे. अशा पहिल्याच कामात मी फोटो सरमिसळ करून पाचवा हिस्सा तपासणीला ठेवला. गुण इतके उत्तम आले की मी ते आनंदानं सगळ्यांना कळवलेही. मग नव्या रोपांचे फोटो आले आणि गुण धाडकन खाली आले. काम ज्यांच्यासाठी केलं होतं त्यांच्यापुढे ते सांगताना मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवून पुढची आखणी केली होती.

काय झालं होतं? प्रत्येक रोपाचे चार फोटो होते. सरमिसळ केली की तपासणीतल्या फोटोची बाकीची तीन भावंडं कुठे जातात ते मोजा. पाचातला एक फोटो तपासणीला जातो, म्हणून तिन्ही भावंडंही तपासणीतच पडण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तपासणी-फोटोचं निदान एक भावंड शिकवण्यात होतं: तेच पान, तोच प्रकाश, तीच फाटलेली कड. मॉडेलला रोग ओळखावाच लागला नाही, रोप ओळखलं की पुरे. जुळ्यांच्या दाखल्यात सांगायचं तर परीक्षेत त्याच मुलांचे, त्याच दिवशी, त्याच सदऱ्यातले फोटो विचारले गेले.

म्हणून विभागणी फोटोंची करायची नाही, रोपांची करायची. एका रोपाचे चारही फोटो एकतर शिकवण्यात, नाहीतर तपासणीत. १०५ रोपांचे २१-२१ चे पाच गट करायचे. एकेक गट आळीपाळीनं तपासणीला ठेवून पाच वेळा शिकवायचं, म्हणजे प्रत्येक रोपाची एकदा परीक्षा होते.

```python
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold

kf = StratifiedGroupKFold(n_splits=5)
folds = kf.split(X, y, groups=plant_id)
```

`plant_id` हा रकाना फोटो काढतानाच लिहून ठेवला पाहिजे. नंतर कुठला फोटो कुठल्या रोपाचा हे कुणालाच आठवत नाही. पानाचे तुकडे पाडले असतील तर तुकड्यांनाही त्याच रोपाचा क्रमांक द्यायचा.

## "मग सगळंच मॉडेल पुन्हा का शिकवू नये?"

आतापर्यंत मॉडेल गोठवलेलं होतं, शिकला तो फक्त शेवट. पुढची पायरी म्हणजे आतल्या खुंट्याही थोड्या मोकळ्या करणं. याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. त्याचा फायदा होऊ शकतो, विशेषतः आपले फोटो इमेजनेटच्या फोटोंहून बरेच वेगळे असतील तेव्हा. पण "शेवटचाच भाग मोकळा करतो" असं म्हणताना तो भाग केवढा आहे ते माहीत असावं. रेझनेट-१८ मध्ये थरांचे चार मोठे गट आहेत आणि त्यातल्या एकट्या शेवटच्या गटात सुमारे ८४ लाख खुंट्या आहेत, एकूण खुंट्यांच्या सत्तर टक्क्यांहून जास्त. तो मोकळा केला की दीड हजारावर आणलेला हिशेब पुन्हा लाखांत जातो.

धोका क्रमाचाही आहे. नवा शेवटचा थर सुरुवातीला वाटेल तसा पिळलेला असतो, त्यामुळे त्याच्या चुका मोठ्या असतात. त्या चुका सुधारण्याचा हिशेब मागे, आतल्या थरांपर्यंत जातो. ते थर मोकळे असतील तर या अडाणी शेवटाची समजूत काढायला तेही जोरानं पिळले जातात आणि बारा लाख फोटोंतून जमलेला सूर पहिल्या काही फेऱ्यांतच बिघडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे नीट दाखवलं आहे: वेगळ्या परिस्थितीतले फोटो आले की थेट फाइन-ट्यूनिंग केलेलं मॉडेल गोठवलेल्या मॉडेलहूनही मागे पडू शकतं. उपायही तिथेच आहे. आधी मॉडेल गोठवून फक्त शेवट शिकवायचा, तो स्थिरावला की मगच आतले थर सोडायचे, आणि तेही अगदी हलक्या हातानं. एका वेळी खुंटी किती पिळायची याच्या आकड्याला लर्निंग रेट म्हणतात. शेवटच्या थराला तो 1e-3 ठेवला तर आतल्या थरांना 1e-5 च्या आसपास ठेवून सुरुवात करावी.

माझा स्वतःचा क्रम ठरलेला आहे. आधी गोठवलेल्या मॉडेलचे गुण लिहून ठेवतो. फाइन-ट्यूनिंगनं रोपांच्या पाचही गटांमध्ये मिळून त्यावर स्पष्ट सुधारणा दाखवली तरच ते घेतो. काहीशे फोटोंच्या कामात कितीतरी वेळा साधं, गोठवलेलं मॉडेलच राहतं.

फोटो वाढवण्याच्या युक्त्याही इथे वापरल्या जातात: तोच फोटो उलटवून, फिरवून, थोडा उजळ करून दाखवायचा. पान उलटवलं तरी तांबेरा तांबेराच राहतो, म्हणून ते चालतं. पण तयार कोडमध्ये रंगछटा बदलण्याची सोयही असते. नारिंगी पुळी हिरवट करून तिला तांबेरा म्हणायला लावलं तर ओळखीची खूणच आपण पुसून टाकतो.

## गोठवलं म्हटलं तरी हलणारे आकडे

एक बारकावा सांगतो, कारण त्यानं कित्येकांचे दिवस वाया जातात. रेझनेटमध्ये जागोजागी असे थर असतात जे आपल्यातून जाणाऱ्या आकड्यांची सरासरी आणि पसारा टिपून ठेवतात आणि त्यावरून पुढचे आकडे सारखे करतात. याला बॅच नॉर्मलायझेशन म्हणतात. ही टिपणं खुंट्यांमध्ये मोजली जात नाहीत. त्यामुळे `requires_grad = False` लिहून सगळ्या खुंट्या गोठवल्या, तरी मॉडेल शिकवण्याच्या स्थितीत असेल तर ही टिपणं आपल्या फोटोंनुसार बदलत राहतात. एका वेळी आठच फोटो देत असू तर त्यांची सरासरी दर वेळी हिंदकळते. लक्षण असं दिसतं: शिकवतानाचे गुण छान वाढतात, तपासणीचे मात्र विनाकारण वर-खाली उड्या मारतात.

ओळखायचं कसं? शिकवण्याआधी एका फोटोचे ५१२ आकडे `model.eval()` करून काढून ठेवा. शिकवून झालं की त्याच फोटोचे तसेच पुन्हा काढा. मॉडेल खरंच गोठलेलं असेल तर दोन्ही जुळतात. जुळले नाहीत तर काहीतरी हललं आहे. वर दिलेल्या पद्धतीत आकडे एकदाच, `model.eval()` करून काढून ठेवलेले असल्यानं हा प्रश्न उद्भवत नाही, आणि सुरुवात तिथूनच करावी असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण.

## "९० टक्के" म्हणजे नक्की किती?

८४ फोटोंच्या एका गटावर ७६ बरोबर आले, म्हणजे ९० टक्के. या आकड्याचा हलण्याचा पल्ला मोठा आहे. नुसत्या योगायोगाच्या हिशेबानंच तो अंदाजे ६ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणजे खरी क्षमता ८४ ते ९६ मध्ये कुठेही असेल. त्यात ते ८४ फोटो २१ रोपांचेच आहेत. एका रोपाचे चार फोटो बहुधा एकत्रच बरोबर किंवा एकत्रच चूक येतात, म्हणून पल्ला याहूनही रुंद धरावा. एका पद्धतीला ९० आणि दुसरीला ९२ मिळाले म्हणून दुसरी सरस ठरवणं या मापात शक्य नाही. पाचही गट मिळून पाहिलं की पल्ला कमी होतो, पण तो संपत नाही.

एकच टक्केवारी सांगण्यापेक्षा कुठल्या प्रकाराला काय म्हटलं याचा तीन बाय तीनचा तक्ता मांडावा. निरोगी पानाला तांबेरा म्हणणं आणि तांबेऱ्याला निरोगी म्हणणं या चुका सारख्या नाहीत, टक्केवारीत मात्र त्या सारख्याच मोजल्या जातात.

## हे कुठे अडतं

आधीचं शिक्षण दर वेळी उपयोगी पडतंच असं नाही. २०१९ साली डोळ्याच्या पडद्याच्या फोटोंच्या आणि छातीच्या एक्स-रेच्या मोठ्या संग्रहांवर हे तपासलं गेलं. तिथे इमेजनेटवर शिकलेल्या मॉडेलला कोऱ्या मॉडेलवर फारशी आघाडी मिळाली नाही. दोन कारणं ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एक, तिथे लेबल लावलेली उदाहरणं मुबलक होती, आणि ती मुबलक असली की उसन्या शिक्षणाची गरज कमी होते. दोन, अशा चित्रांत बघायच्या खुणा रोजच्या फोटोंतल्या खुणांहून वेगळ्या असतात.

शिवाय इमेजनेटवर शिकलेली अशी मॉडेलं आकारापेक्षा पोताकडे जास्त बघतात. मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवून दाखवला तेव्हा त्यांनी तिला हत्ती म्हटलं. तांबेरा आणि भुरी हे पोताचेच रोग, म्हणून आपलं उदाहरण या सवयीला धार्जिणं आहे. पानाची कड आत वळली की बाहेर, एवढ्याच फरकावर रोग ठरत असता तर याच ४२० फोटोंत कमी हाती लागलं असतं.

## पुढचे शंभर फोटो कुठले काढायचे?

काम अपुरं वाटलं की पहिला विचार "आणखी फोटो हवेत" हाच येतो. त्याआधी एक आलेख काढून बघावा. तपासणीचा गट तोच ठेवून आधी २० रोपांवर शिकवा, मग ४०, मग ६०, मग ८४. गुण प्रत्येक पायरीला चढत असतील आणि शेवटच्या पायरीलाही चढच असेल, तर आणखी लेबलं लावण्याची मेहनत फळेल. ६० नंतर रेघ आडवी झाली असेल तर कमतरता फोटोंच्या संख्येत नाही. ती आक्रसलेल्या पुळीत, निळ्या कापडात किंवा जाणकाराच्याच लेबलांत शोधावी लागेल. हे शेवटचं तपासायला जाणकाराला तेच पन्नास फोटो महिन्याभरानं, जुनी लेबलं न दाखवता पुन्हा द्यावेत. त्याची स्वतःची उत्तरं स्वतःशी जितकी जुळतात, त्याच्या फार पुढे मॉडेल जाण्याची अपेक्षा धरता येत नाही.

आणि आणखी फोटो काढायचेच ठरलं, तर आहे त्याच १०५ रोपांचे शंभर फोटो काढण्यापेक्षा शंभर नव्या रोपांचा एकेक फोटो काढावा: वेगळ्या वेळी, वेगळ्या कॅमेऱ्यानं, वेगळ्या पार्श्वभूमीवर. त्यातले काही शिकवण्यात न घालता बाजूला ठेवून द्यावेत आणि मॉडेल पूर्ण झाल्यावरच उघडावेत.